देणगी मोहिमेचा अहवाल: भागाकारात होणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका संस्थेच्या बैठकीत मी आठ वर्षं देणग्यांचा अहवाल मांडतोय. संस्था खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलींचं वसतिगृह चालवते. अलीकडे शहरातल्या आणि शिरोळ, कागलकडच्या इतर संस्थांचे अहवालही माझ्याकडे तपासायला येतात. बेरजा सहसा बरोबर असतात, कारण त्या बँकेच्या खात्याशी जुळवाव्याच लागतात. घोळ होतो तो भागाकारात. खर्च कशाने भागला आणि टक्केवारी कशाची काढली, हे कुणी विचारत नाही. पुढच्या वर्षाचं बजेट मात्र त्याच आकड्यावर ठरतं.

मासिक हप्ते मोहिमेच्या देणग्यांत मिसळणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती महागात पडली, म्हणून तपशिलात सांगतो.

2023 च्या दिवाळीत आम्ही मोठी मोहीम केली. पत्रकं छापली, मोबाईलवर जाहिराती दिल्या, महाद्वार रोडवर आठ दिवस टेबल मांडलं. सगळा खर्च 90,000 रुपये. मार्चअखेर अहवालात मी लिहिलं की मोहिमेपासून 612 देणग्या आल्या आणि दर देणगीमागे खर्च 147 रुपये पडला. विश्वस्त खूश झाले. एकाने विचारलं, "एवढ्या स्वस्तात पडत असेल तर पुढच्या वर्षी दुप्पट खर्च का करू नये?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, कारण माझ्याच आकड्यावर माझा विश्वास होता.

त्या 612 मध्ये 360 हप्ते मासिक देणगीदारांचे होते. 60 लोक दरमहा देतात, ऑक्टोबर ते मार्च सहा महिने, म्हणून 360. या 60 जणांनी मोहिमेच्या आधीच ऑटोपे सुरू केलं होतं. टेबल मांडलं नसतं तरी त्यांचे पैसे आलेच असते. मोहिमेमुळे आलेल्या देणग्या 252 होत्या, म्हणजे दर देणगीमागे खर्च 357 रुपये. त्यातले 70 जण जुने देणगीदार. अगदी नवे 182. नवा माणूस जोडायला किती लागले हे बघायचं तर 90,000 भागिले 182, म्हणजे जवळपास 495 रुपये.

147, 357 आणि 495 हे तिन्ही आकडे एकाच मोहिमेचे आहेत. शेवटच्या दोघांना अर्थ आहे, पहिल्याला काहीच नाही. नव्या देणगीदाराची सरासरी पहिली देणगी 650 रुपयांच्या आसपास होती. म्हणजे पहिल्या देणगीत खर्च वजा जाता हाती फारसं उरत नाही. तो माणूस दुसऱ्यांदा देतो की नाही, यावरच ती मोहीम परवडली की नाही ते ठरतं.

हे मला कळेपर्यंत निर्णय होऊन गेला होता. पुढच्या दिवाळीत 1,80,000 रुपये खर्च केले. ते पैसे उभे करायला आभाराचे फोन करणाऱ्या ताईंचं अर्धवेळ काम बंद केलं. मोहिमेच्या देणग्या आल्या 310. सरासरी 581 रुपये पडली, पण सरासरीसुद्धा इथे खरी गोष्ट लपवते. आदल्या वर्षीपेक्षा 90,000 जास्त घातले आणि 58 देणग्या जास्त मिळाल्या. त्या प्रत्येक वाढीव देणगीला सुमारे 1,552 रुपये पडले. जाहिरात आधी जवळच्या आणि सहज देणाऱ्या लोकांपर्यंत पोचते. तेवढाच खर्च पुन्हा ओतला की तो दूरच्या लोकांवर जातो. म्हणून गेल्या वर्षीच्या सरासरीने पुढच्या वर्षीचा गुणाकार करू नये.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. पावतीच्या नोंदीत एक रकाना ठेवतो, "कशामुळे आली". टेबल, जाहिरात, जुन्या माणसाला फोन, मासिक. पावती फाडतानाच तो भरायचा. महिनाअखेरीला आठवून भरलेला रकाना मी धरत नाही, कारण तेव्हा सगळं "मोहीम" म्हणूनच लिहिलं जातं. मासिक हप्त्यांसाठी तर वेगळी शीटच आहे. त्यांच्याबाबत एकच खर्च बघायचा, नवं ऑटोपे सुरू करून घ्यायला किती लागले, आणि तो हप्ते किती महिने येतात त्याच्याशी ताडून बघायचा.

खर्चात माणसांचा पगार न धरणं

कार्यालयातल्या मुलाने तीन आठवडे मोहिमेचंच काम केलं असेल तर त्याचा तीन आठवड्यांचा पगार मोहिमेच्या खर्चात येतो. पेमेंट गेटवेचं शुल्कसुद्धा.

दिवाळीची तुलना महिन्याने करणं

2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. आपल्याकडे दूध संस्थांकडून दुधाच्या दरातल्या फरकाचे पैसे दिवाळीच्या तोंडावर हातात पडतात, तेव्हाच खेड्यांतून देणग्या येतात. नोव्हेंबरशी नोव्हेंबर ताडून बघणाऱ्याला 2024 मध्ये देणग्या कोसळल्यासारख्या दिसतील. त्या ऑक्टोबरमध्येच येऊन गेलेल्या असतात. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे 30 दिवस धरून मोजा.

देणगीदारांची संख्या टिकली म्हणजे देणगीदार टिकले असं समजणं

ही चूक माझ्यासमोरच्या दहातल्या सात अहवालांत असते. गेल्या वर्षी 400 देणगीदार, यंदा 385, म्हणून "रिटेन्शन 96 टक्के". याला रिटेन्शन म्हणत नाहीत. गेल्या वर्षीच्या त्याच 400 माणसांपैकी यंदा किती जणांनी पुन्हा दिलं, एवढाच प्रश्न आहे. यंदा नव्याने आलेला माणूस या हिशोबात कुठेच येत नाही.

आमचेच 2023-24 चे 400 जण घ्या. त्यातल्या 144 जणांनी 2024-25 मध्ये पुन्हा दिलं. रिटेन्शन 36 टक्के. 256 माणसं गेली आणि जवळपास तितकीच नवी आली, म्हणून एकूण संख्या हलली नाही. प्रत्येक नव्या माणसाला किती खर्च येतो ते वर पाहिलंच.

एवढ्यावर थांबलात तरी अर्धंच कळेल. 400 पैकी 250 जणांनी त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला देणगी दिली होती, त्यातले 45 परत आले, म्हणजे 18 टक्के. उरलेले 150 जुने, त्यातले 99 परत आले, 66 टक्के. पण या जुन्यांमध्ये ते 60 मासिक देणगीदार आहेत आणि त्यातले 54 टिकले. त्यांचे पैसे आपोआप कापले जातात, पुन्हा द्यायचं हे त्यांना ठरवावं लागत नाही. ते बाजूला काढले की 90 पैकी 45 उरतात, बरोबर निम्मे. पहिल्यांदा देणारे, जुने आणि मासिक, या तिघांची टक्केवारी वेगवेगळीच लिहायला हवी. एकत्र केली की मासिकवाले बाकीच्यांची गळती झाकतात.

आभाराचे फोन बंद केल्यामुळेच पहिल्यांदा देणारे गळाले का, हे मी सिद्ध करू शकत नाही. ताईंना मात्र आम्ही पुन्हा बोलावलं. आता पहिल्या देणगीनंतर आठवड्याच्या आत फोन जातो आणि त्या फोनचा खर्च मोहिमेत धरला जातो.

मोजणीतली खरी मेहनत माणूस ओळखण्यात आहे. घाईत असलेली नवी मुलं नावावरून जुळवतात. कोल्हापुरात नावावरून जुळवलं तर तीन वेगवेगळे आर. एस. पाटील एक होतात आणि रिटेन्शन फुगतं. उलटही होतं. गेल्या वर्षी पावती नवऱ्याच्या नावे, यंदा पैसे बायकोच्या फोनवरून. मग घर तेच असून एक देणगीदार गेला आणि एक नवा आला असं दिसतं. मी आधी पॅन बघतो, तो नसेल तर मोबाईल नंबर, आणि दोन्ही नसतील तर पावती पुस्तक काढून पत्ता बघतो. 80जीची पावती नको म्हणणाऱ्याचा पॅन मिळत नाही, म्हणून नंबर विचारायला लाज बाळगू नका. नंबर दहा आकडी, मध्ये जागा न सोडता, पुढे +91 न लावता लिहायचा. तसं असेल तर गेल्या वर्षीच्या शीटमध्ये एक ओळ पुरते:

```
=IF(COUNTIF('2024-25'!A:A, A2)>0, 1, 0)
```

इथे '2024-25' ही यंदाची शीट, दोन्ही शीटमध्ये A मध्ये मोबाईल नंबर आहे आणि गेल्या वर्षीच्या शीटमध्ये प्रत्येक माणूस एकदाच आहे. या रकान्याची बेरीज म्हणजे परत आलेली माणसं. नोंदी साफ न करता ही ओळ चिकटवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्यांना मिनिटात टक्केवारी मिळते आणि ती चुकलेली असते.

आर्थिक वर्षाची कडही बघा. मार्च 2024 मध्ये दिलेल्या माणसाने पुढची देणगी 3 एप्रिल 2025 ला दिली तर 2024-25 मध्ये तो गळालेला दिसतो. मी एप्रिल ते जूनमध्ये परतलेल्यांची यादी वेगळी जोडतो. टक्केवारीत त्यांना मिसळत नाही, पण त्यांना "तुम्ही यंदा दिलं नाही" असा मेसेजही जाऊ देत नाही.

महापुराच्या वर्षांचे देणगीदारही वेगळे ठेवा. 2019 आणि 2021 मध्ये ज्यांनी दिलं त्यांनी पुरासाठी दिलं, वसतिगृहासाठी नव्हे. त्यांना पुढच्या वर्षीच्या रिटेन्शनच्या मूळ संख्येत धरलं की संस्थेचं काम बिघडलं असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

ऑटोपे घेतलं म्हणजे देणगी आली असं धरणं

वरच्या गोष्टीतले 360 हप्तेसुद्धा मी बँकेतून मोजले नव्हते, 60 ला 6 ने गुणले होते. नंतर खातं उघडून बघितलं तर 311 जमा झाले होते. 49 हप्ते आलेच नव्हते.

मँडेट, म्हणजे खात्यातून दरमहा पैसे कापायची परवानगी, नोंदवलेलं असतं तरी खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो. शिवाय पैसे कापण्याआधी किमान 24 तास देणगीदाराला सूचना जाते, आणि तो ॲपमधून मँडेट थांबवू किंवा रद्द करू शकतो. तो त्याचा हक्क आहे. म्हणून अहवालात तीन आकडे वेगळे लिहा: चालू मँडेट किती, या महिन्यात खरोखर जमा किती, आणि सलग दोन महिने फेल झालेले किती. तिसरा आकडा मी सगळ्यात आधी वाचतो, कारण त्या माणसाने नाही म्हटलेलं नसतं, तो नुसता निसटत असतो.

आमच्या 49 पैकी बहुतेक हप्ते शिल्लक नाही म्हणून परत गेले होते. यादीवर फोन केले तेव्हा कारण कळलं. बरेच जण शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला, पगार सात ते दहा तारखेला. आम्ही हप्ता ठेवला होता 1 तारखेला, आमच्या हिशोबाला सोपं म्हणून. आता नवी मँडेट 12 तारखेची घेतो, आणि जुन्यांपैकी जे तयार झाले त्यांच्याकडून नव्याने करून घेतली. 15 तारखेला खात्यातली जमा आणि यादी समोरासमोर ठेवून खुणा करतो. ज्याच्यापुढे खूण नाही त्याला त्याच आठवड्यात फोन जातो.