शिफारसपत्र देणाऱ्या सरांना निकाल कळवताना

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये परदेशातल्या पीएचडीचे निकाल यायला लागले की कलिन्याच्या आमच्या डिपार्टमेंटमधल्या ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात. प्रवेश मिळाला, आता सरांना काय लिहू? बहुतेकांचा मसुदा तयारच असतो. ‘सर, थँक यू सो मच फॉर एव्हरीथिंग’ आणि पुढे तीन हात जोडलेले. एकाने तो तसाच पाठवला, तर सरांचं उत्तर आलं, ‘अभिनंदन. कुठे?’

त्या एका शब्दात सगळं आलं. शिफारसपत्र लिहिणारा माणूस आंधळेपणाने लिहीत असतो. प्रत्येक विद्यापीठाकडून त्याला वेगळी लिंक येते, तो पत्र अपलोड करतो आणि विषय त्याच्यापुरता संपतो. समितीने पत्र वाचलं का, त्यातलं काय भावलं, मुलगा शेवटी कुठे गेला, हे विद्यापीठ त्याला कळवत नाही. ते फक्त तुम्ही सांगू शकता. म्हणून मला विचाराल तर आभाराच्या पत्रात आभार एका ओळीचे असावेत आणि बाकी सगळी माहिती.

आभार दोनदा मानायचे असतात. पहिल्यांदा पत्र पोचल्यावर. अर्जाच्या पोर्टलवर रेफरीच्या नावापुढे Received किंवा Submitted दिसलं की त्याच दिवशी दोन ओळी टाकायच्या: ‘सर, पत्र पोचल्याचं पोर्टलवर दिसतंय, आभारी आहे. आता तुमच्याकडून काही बाकी नाही.’ दुसरं वाक्य महत्त्वाचं, कारण डिसेंबरमध्ये सरांच्या इनबॉक्समध्ये चार-पाच विद्यार्थ्यांच्या लिंका पडलेल्या असतात आणि कुणाचं राहिलंय याची त्यांना धास्ती असते. या टप्प्यावर मिठाई, भेटवस्तू काही नको. निकालाआधी दिलेली वस्तू पत्राचा मोबदला वाटते आणि सरांनाच अवघडल्यासारखं होतं.

दुसरे आभार निकालाचे, आणि खरं काम इथे आहे. माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट कॅटॅलिस्टवर होता. घन कॅटॅलिस्ट पुन्हा पुन्हा वापरला की उत्पादन घटत होतं. सरांनी हॉट फिल्ट्रेशन करायला लावलं. म्हणजे प्रक्रिया अर्धवट झालेली असताना गरम द्रावणातूनच कॅटॅलिस्ट गाळून काढायचा आणि उरलेल्या द्रावणात प्रक्रिया पुढे चालते का ते पाहायचं. ती पुढेही चालत राहिली, म्हणजे धातू सुटून द्रावणात उतरत होता आणि आमचा पुन्हा वापरता येणारा कॅटॅलिस्ट नावापुरताच तसा होता. माझ्या सीव्हीत किंवा एसओपीत हे नव्हतं. पण मुलाखतीत तिकडच्या प्राध्यापकांनी नेमकं तेच विचारलं. निकाल आल्यावर सरांना मी लिहिलं ते साधारण असं:

‘सर, नमस्कार. मिनेसोटा विद्यापीठातून रसायनशास्त्राच्या पीएचडीसाठी प्रवेश आला आहे. फी माफ आहे आणि टीचिंग असिस्टंटशिप आहे. बाकीच्यांपैकी एकाने वेटलिस्टवर ठेवलं आहे, इतरांचे नकार आले. मुलाखतीत त्यांनी कॅटॅलिस्टच्या लीचिंगबद्दल आणि ते आपण कसं पकडलं याबद्दल बराच वेळ विचारलं. माझ्या अर्जात ते कुठेच नव्हतं, त्यामुळे तुम्ही माझ्यासाठी किती बारकाईने लिहिलं असेल ते जाणवलं. मनापासून आभार. १५ एप्रिलपर्यंत कळवायचं आहे. वेटलिस्टची वाट पाहावी का, यावर तुमचं मत हवं होतं. तुम्हाला सोयीची वेळ सांगाल तेव्हा फोन करते.’

यात मुलाखतीचं वाक्य सर्वांत मोलाचं. पत्रातली कोणती गोष्ट समोरच्यांनी उचलली हे सरांना कळलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणासाठी लिहिताना ते ‘मेहनती, प्रामाणिक’च्या पलीकडे जाऊन असा एखादा प्रसंग घालतील. मात्र पत्रात नक्की काय लिहिलं होतं, असं विचारायचं नाही. अमेरिकी अर्जात आपण बहुधा पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याच्या चौकटीत टिक केलेली असते, आणि एकदा सोडलेला हक्क मागच्या दाराने मागणं बरं दिसत नाही.

नकारही सांगायचे. लाजायचं कारण नाही. कोणत्या विद्यापीठाने घेतलं, कोणी नाही, हे सरांच्या डोक्यात पुढच्या विद्यार्थ्याला सल्ला देताना राहतं. १५ एप्रिलची तारीख सांगायचंही कारण आहे. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रवेशावर निर्णय घ्यायला त्या तारखेपर्यंत मुभा देतात. तोवर सरांचा सल्ला उपयोगी पडतो, त्यानंतर फक्त कौतुक उरतं. निर्णय झाला की अजून एक ओळ पाठवायची, म्हणजे वेटलिस्टवाल्या विद्यापीठातल्या ओळखीच्या कुणी त्यांना विचारलं तर ते गोंधळणार नाहीत.

आणि हे सगळं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस किंवा लिंक्डइनवर टाकण्याआधी. ज्यांनी पत्र दिलं त्यांना बातमी तिसऱ्याकडून कळणं वाईट.

माझे तीन रेफरी वेगवेगळे होते, त्यामुळे तोच मजकूर तिघांना पाठवला नाही. बीएस्सीच्या माटुंग्याच्या मॅडमना कॅटॅलिस्टशी देणंघेणं नव्हतं. त्यांना मी प्रवेशपत्राची प्रत जोडून दिली आणि कॉलेजच्या नोंदीसाठी वापरायला हरकत नाही असं लिहिलं. नॅकच्या मूल्यांकनात पदवीनंतर किती मुलं पुढे शिकायला गेली याचे पुरावे मागतात, आणि त्या पुराव्यांसाठी कॉलेजं जुन्या विद्यार्थ्यांच्या मागे लागलेली असतात. मॅडमचं उत्तर दहा मिनिटांत आलं. इतकं तत्पर उत्तर त्यांनी प्रॅक्टिकलच्या जर्नलवरही कधी दिलं नव्हतं.

तिसरे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीतले माझे साहेब. इथे सांभाळून राहावं लागतं. बऱ्याच कंपन्यांत माजी कर्मचाऱ्याबद्दल एचआरने फक्त हुद्दा आणि तारखा कळवायच्या असा नियम असतो. साहेब जे लिहितात ते स्वतःच्या जबाबदारीवर. त्यांना लिंक्डइनवर टॅग करून ‘यांच्या शिफारशीमुळे’ असं लिहिलं, तर ते अडचणीत येऊ शकतात. नोकरी मिळाली तरी हेच. नव्या कंपनीच्या एचआरने त्यांना फोन केला असेल, तर आभार खाजगी फोनवर माना, ऑफिसच्या मेलवर नको.

मिठाईचं म्हणाल तर निकालानंतर पेढे चालतात, तेही डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना वाटता येतील असे. घड्याळ, महागडं पेन वगैरे नको; सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या लोकांना भेटवस्तूंचे नियम असतात आणि नकार द्यायची वेळ त्यांच्यावर येते. एप्रिल-मेमध्ये पेपर तपासणी चालू असते, त्यामुळे न सांगता केबिनवर धडकू नका. मी गेले तेव्हा सरांनी पेढ्याचा डबा शिपाईमामांकडे दिला आणि मला वेटलिस्टबद्दल विचारायला सुरुवात केली.

कुठेच झालं नाही तरीही लिहा, आणि वेळेत लिहा. ‘सर, या वर्षी कुठेच झालं नाही, पण तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा विचार आहे, तेव्हा पत्र देऊ शकाल का?’ हे आताच विचारलेलं बरं. पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी बहुतेक ठिकाणी पत्र नव्याने अपलोड करावं लागतं, जुनं आपोआप जोडलं जात नाही, आणि सरांनी त्यांच्या कॉम्प्युटरवरची जुनी फाइल तोवर उडवली नाही तर त्यांचं अर्धं काम वाचतं.