स्कॅन नॉर्मल आला, तरी गाडी परत वळवू नका

आमच्याकडे अजूनही म्हणतात, "लकवा मारला." पण लकवा दोन उलट्या कारणांनी येतो. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, दुसऱ्यात ती फुटून रक्त सांडतं. बाहेरून दोन्ही पेशंट सारखेच दिसतात, म्हणून आधी डोक्याचा साधा सीटी स्कॅन. बेळगावात मी रोज अशा फिल्म पाहतो. नातेवाईक फिल्म उजेडाकडे धरून "काय दिसतंय?" असं विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. निदान डॉक्टरच करतील, पण घाई कशाची आहे ते तुम्हालाही कळावं.

आधी फिल्मवरचं नाव आणि वेळ वाचा. मग एक गंमत लक्षात ठेवा: चित्र आरशासारखं असतं. पेशंटची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते. त्यात मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो. म्हणजे डावा हात लुळा पडला असेल, तर बिघाड बहुधा फिल्मच्या डाव्या अर्ध्यात शोधायचा.

आता पांढरं शोधा. कवटीचं हाड सगळ्यात पांढरं, मेंदू करडा, मधल्या पोकळ्यांतलं पाणी काळं. ताजं रक्त मेंदूपेक्षा स्पष्ट पांढरं दिसतं आणि ते पहिल्या स्कॅनलाच सापडतं. बीपी वाढून झालेला रक्तस्राव बहुतेकदा मेंदूच्या खोल भागात गोळ्यासारखा बसतो. मात्र प्रत्येक पांढरा ठिपका रक्त नसतो. वयस्कर माणसांत मधोमध किंवा दोन्ही बाजूंना जोडीने चुना साचलेला असतो. तो दोन्हीकडे सारखा आणि ठसठशीत कडांचा असतो, आजूबाजूचा मेंदू ढकलत नाही.

गुठळीचं मात्र उलट. पहिल्या काही तासांत स्कॅन अगदी स्वच्छ दिसू शकतो. रक्त न मिळालेल्या भागात पाणी भरायला वेळ लागतो, काळपट डाग ठळक व्हायला बरेच तास, कधी दिवसही जातो. इथेच घोटाळा होतो.

खानापूर तालुक्यातल्या एका आजींचं उदाहरण घ्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). पहाटे 5:30 ला त्यांनी सुनेशी बोलत चहा घेतला. 6:15 ला त्या न्हाणीघराजवळ पडलेल्या दिसल्या, डावा हात चालेना, तोंड वाकडं. स्कॅन झाला 8:10 ला. पांढरं काहीच नव्हतं. मुलगा म्हणाला, "नॉर्मल आहे म्हणताय, मग घरी न्हेऊ काय?" मी त्याला फिल्मचा डावा अर्धा उजव्याशी ताडून दाखवला. कानाच्या वर, आतल्या बाजूला मेंदूच्या पृष्ठाची एक करडी कड असते. उजवीकडे ती रेखीव होती, डावीकडे पुसल्यासारखी. एवढीच खूण. तीही नसती, तरी लुळा हात हाच पुरावा होता.

अशा वेळी "रक्तस्राव नाही" हे गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी परवान्यासारखं असतं. ते साधारण 4.5 तासांत द्यावं लागतं, आणि घड्याळ पडल्याचं दिसलं तेव्हा सुरू होत नाही, शेवटचं धडधाकट पाहिलं तेव्हा होतं. म्हणजे आजींची मुदत 10 वाजेपर्यंत. इंजेक्शन 8:50 ला सुरू झालं. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये तिथे लहानसा काळपट डाग उमटला होता.

त्या रात्री झोपेतच हात गेला असता, तर? घड्याळ रात्री झोपल्यापासून धरलं असतं. तरीही यायचंच. मोठी नस तुंबली असेल, तर निवडक पेशंटची गुठळी 24 तासांपर्यंत नळीने काढता येते. त्यासाठी नसांचा वेगळा स्कॅन लागतो आणि ती सोय प्रत्येक ठिकाणी नसते. म्हणून निपाणीकडच्यांनी बेळगाव की कोल्हापूर हे ठरवण्याआधी फोन करून विचारावं: सीटी आत्ता चालू आहे का, इंजेक्शन देतात का?

तेच स्कॅनमध्ये पांढरा गोळा असता, तर हे इंजेक्शन जिवावर बेतलं असतं. तिथली घाई वेगळी: पहिल्या काही तासांत गोळा वाढू शकतो, म्हणून बीपी आटोक्यात आणायचं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा असर उतरवायचा. डोक्याच्या मागच्या खालच्या भागातला मोठा गोळा पाण्याची वाट अडवतो, तेव्हा सर्जनला लगेच बोलवावं लागतं. म्हणूनच स्कॅनआधी घरात ॲस्पिरिन देऊ नका. कुठला लकवा आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं.

रक्ताचाही रंग कायम राहत नाही. डोक्याला मार लागून कवटीखाली साचलेलं रक्त दोन-तीन आठवड्यांत मेंदूइतकंच करडं होतं आणि नजरेतून निसटतं. तेव्हा मधली रेघ एका बाजूला सरकली आहे का, हे बघावं लागतं. आजोबा महिन्यापूर्वी बांधावरून पडले होते, हे आम्हाला आपणहून सांगा.

फोटो पाठवायचाच असेल, तर फिल्म खिडकीला लावून सपाट काढा, आणि खाली लिहा: शेवटचं ठीक पाहिलं ती वेळ, कुठली बाजू गेली, रक्त पातळ करायची गोळी कुठली. पण फोटोच्या उत्तरासाठी गाडी थांबवू नका.