केटल पाणी उकळायच्या आधीच बंद पडते? कॉईलला दोष देऊ नका, तळ बघा

केटल अर्धवट तापून खट्ट करून बंद पडायला लागली की दुकानात एकच उत्तर मिळतं, कॉईल गेली, नवीन घ्या. अहो, कॉईल गेली असती तर पाणी कोमटसुद्धा झालं नसतं की! पाणी तापतंय आणि मधेच बंद पडतंय म्हणजे कॉईल चांगली आहे, तिला कोणीतरी लवकर थांबवतंय.

थांबवणाऱ्या पट्ट्या दोन असतात. दोन धातूंच्या पातळ चकत्या, ठराविक तापल्या की टुणकन उलट्या वळतात. एक वाफेची पट्टी, बटणाजवळ असते, झाकणाखालच्या फटीतून वाफ तिच्यापर्यंत जाते आणि बटण उडतं. दुसरी खाली, बाहेरून तळाच्या प्लेटला टेकलेली. केटल रिकामी चालू राहिली तर जळू नये म्हणून ती आहे. भानगड बहुतेक वेळा हिच्यामुळे होते, पण दोष तिचा नसतो.

येळ्ळूरला माझ्या मावशीकडे बोअरचं पाणी आहे. तिच्या दीड लिटरच्या केटलच्या तळाला इतका जाड पांढरा थर होता की स्टील दिसतच नव्हतं. बटण दाबलं की घर्रर्र आवाज जोरात, आणि तोंडातून वाफ यायच्या आधीच खट्ट. लगेच परत दाबलं तर चालूच होत नाही, थोडं थांबून प्लेट गार झाली की परत चालू. हे लक्षण नीट ध्यानात ठेवा. क्षाराचा थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, मग पाणी भरलेलं असूनही प्लेट जास्त तापते आणि खालची पट्टी केटल रिकामी समजून बंद करते.

म्हणून आधी क्षार काढायचा, आणि लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, सायट्रिक ॲसिड म्हणा, लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे पुरे. पण सगळीकडे सांगतात तसं ते घालून खळखळ उकळू नका! क्षार आणि लिंबूसत्व मिळून जो नवा पदार्थ तयार होतो तो गरम पाण्यात उलट कमी विरघळतो, मग तोच पांढरा होऊन परत तळाला बसतो आणि तुम्हाला वाटतं काही निघालंच नाही. आधी नुसतं पाणी तापवा, हाताला सोसेल इतकं, प्लग काढा आणि मग लिंबूसत्व घाला. बारीक बुडबुडे यायला लागतील. अर्धा तास तसंच ठेवा. बुडबुडे थांबले आणि थर अजून आहे म्हणजे त्या पाण्यातला दम संपला, ओतून टाका, नवीन करा. मावशीच्या केटलला असं तीनदा करावं लागलं, शेवटी थराचे पापुद्रे सुटून आले.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र घालू नका, फेस छान दिसतो पण दोघं एकमेकांनाच मारतात. संडास धुवायचं ॲसिड तर घरातसुद्धा केटलजवळ आणू नका, स्टील खातं ते. चाकूने खरवडायचं नाही. आणि केटलमध्ये दूध तापवत असाल तर तो थर क्षाराचा नाही, करपलेल्या दुधाचा आहे, लिंबूसत्वाने जाणार नाही, त्याला गरम पाण्यात खायचा सोडा घालून रात्रभर भिजवा.

नंतर दोनदा विसळून एकदा साधं पाणी उकळून टाकून द्या.

उलट तक्रार असेल, म्हणजे पाणी उकळत राहतं आणि बटण उडतच नाही, तर झाकण घट्ट बसतंय का आणि वाफेची फट क्षाराने बुजलीय का बघा. आणि केटल बंद पडत नाही पण उकळायला फार वेळ घेते असं असेल तर व्होल्टेज बघा. संध्याकाळी पाण्याच्या मोटारी चालू असताना २३० च्या जागी १८० आलं तर १५०० वॅटची केटल जेमतेम ९०० चं काम करते, तिथे केटलचा काही दोष नाही.

तळ चकचकीत झाला तरी वाफेआधीच बंद पडते? मग खालची पट्टी थकली आहे किंवा आतले पॉइंट जळलेत. अशा वेळी रिपेरीवाला म्हणतो, पट्टी डायरेक्ट करून देतो, म्हणजे पट्टी वगळून वायर सरळ जोडतो. अजिबात करू देऊ नका! पट्टी डायरेक्ट केली की पाणी संपल्यावर थांबवणारं बहुतेक काही उरत नाही, प्लास्टिक वितळून आग लागू शकते. पट्टी वाकवून ॲडजस्ट करायचीही नाही, ती ठराविक तापमानाला वळावी म्हणून कारखान्यातच तसा आकार दिलेला असतो. खालचा सगळा कंट्रोल त्याच मापाचा मिळाला तर बदला, नाहीतर केटल बदला.

बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा लिंबूसत्व. बेळगावात येतं तसं राकसकोप धरणाचं नळाचं पाणी असेल तर एवढी घाई नाही, तळाला खरखरीत लागायला लागलं की करा.