प्रयोग अचूक, काटेकोर, विश्वसनीय की वैध? दुधाच्या लॅक्टोमीटरवरून चारही शब्द तपासण्याची रीत

इंदूरला रामबागेत आमच्याकडे दोन रतीब आहेत. एकाकडून म्हशीचं दूध येतं, दुसऱ्याकडून गाईचं. जानेवारीत माझ्या नातीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी दोन्ही दुधं लॅक्टोमीटरने तपासली आणि वही माझ्यापुढे ठेवली. म्हशीच्या दुधाचं वाचन ३०, ३०, ३० आणि गाईच्या दुधाचं २६.५, २७, २६.५. खाली निष्कर्ष होता: "म्हशीचे दूध शुद्ध आहे, गाईच्या दुधात पाणी आहे. प्रत्येक दूध तीन वेळा मोजल्यामुळे प्रयोग अचूक, काटेकोर, विश्वसनीय आणि वैध आहे."

मी आयुष्यभर रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासल्या. हे शेवटचं वाक्य मी शेकडो वेळा वाचलं आहे. चार शब्द एका दमात लिहिले जातात आणि चौघांना मिळून पुरावा एकच दिला जातो. खरं तर प्रत्येक शब्द वेगळा प्रश्न विचारतो, म्हणून प्रत्येकाचा पुरावाही वेगळा लागतो. आम्ही दोघांनी मग ते वाक्य एकेक शब्द घेऊन तपासलं. तोच क्रम खाली दिला आहे.

आधी भाषेचा एक खुलासा. अचूक म्हणजे अ‍ॅक्युरेट, काटेकोर म्हणजे प्रिसाइज, विश्वसनीय म्हणजे रिलायेबल आणि वैध म्हणजे व्हॅलिड. आपल्या इकडची मुलं हिंदी पुस्तकांतही हा विषय वाचतात. तिथे अचूकतेला 'यथार्थता' आणि काटेकोरपणाला 'परिशुद्धता' म्हणतात. मराठीत मात्र 'यथार्थता' हा शब्द काही ठिकाणी वैधतेसाठी वापरलेला दिसतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर कोणता शब्द कशासाठी वापरला आहे ते लिहून ठेवावं.

पहिली पायरी: दावा एका वाक्यात लिहा

लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात सोडली की तरंगणारी खुणांची काचेची नळी, दुधाची घनता दाखवतो. त्यावरची ३० ही खूण म्हणजे सापेक्ष घनता १.०३०. गाईच्या चांगल्या दुधाचं वाचन साधारण २८ ते ३० येतं आणि म्हशीच्या दुधाचं ३० ते ३२. पाणी मिसळलं की आकडा उतरतो. नातीचा दावा मात्र घनतेबद्दल नव्हता, तो "दुधात पाणी आहे की नाही" याबद्दल होता. मोजलं काय आणि ठरवलं काय, ही दोन वाक्यं वहीत एकाखाली एक लिहावीत. त्यांच्यातलं अंतर शेवटच्या पायरीत लागणार आहे.

दुसरी पायरी: काटेकोरपणा

यात एकच बघायचं: त्याच माणसाने, त्याच साधनाने, तेच दूध एका बैठकीत पुन्हा पुन्हा मोजलं तर आकडे किती जवळ येतात? ३०, ३०, ३० आणि २६.५, २७, २६.५. फरक अर्ध्या खुणेचा आहे आणि या नळीवर त्याहून बारीक वाचता येत नाही. वाचनं काटेकोर आहेत. तिच्या वाक्यातला हा एक शब्द पहिल्याच फेरीत टिकला.

तो न टिकण्याची कारणंही माहीत असावीत. नळी भांड्याच्या कडेला टेकली, वर फेस राहिला किंवा दूध हलवलं नसल्याने मलई वर आली, तर आकडे विस्कटतात. दूध अपारदर्शक असल्यामुळे नळीच्या काचेला चढलेल्या दुधाच्या वरच्या कडेशी वाचायचं. एकदा वरच्या कडेशी आणि एकदा पृष्ठभागाशी वाचलं की तेवढ्यानेच आकडा हलतो.

काटेकोर आकडे पाहिले की माणूस त्यांवर फार लवकर विश्वास ठेवतो. पण जवळजवळ आलेले आकडे खऱ्या किमतीजवळ आहेत की नाहीत, हे ते स्वतः सांगू शकत नाहीत. त्यासाठी बाहेरचा साक्षीदार आणावा लागतो.

तिसरी पायरी: अचूकता

अचूकता म्हणजे वाचन खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे. म्हणून खरी किंमत आधीच ठाऊक असलेलं काहीतरी त्याच साधनाने मोजावं लागतं. स्वयंपाकघरात ते साखरेच्या पाण्याने साधतं. ७५ ग्रॅम साखर आणि ९२५ ग्रॅम पाणी वजन करून मिसळा, साखर पूर्ण विरघळू द्या. या ७.५ टक्के द्रावणाची सापेक्ष घनता जवळपास १.०३० असते, म्हणजे लॅक्टोमीटरने ३० दाखवायला हवं. एवढं द्रावण करण्याचं कारण असं, की साखर एक ग्रॅम कमीजास्त झाली तरी वाचन अर्ध्या खुणेपेक्षा कमीच चुकतं. अर्धा पेला द्रावण केलं तर वजनकाट्याची तीच चूक कित्येक पट मोठी होते.

मोजताना तापमान नळीवर छापलेलं असेल तेच हवं. आमच्या नळीवर ६० अंश फॅरेनहाइट, म्हणजे १५.५ अंश सेल्सिअस लिहिलं होतं. द्रावण तेवढ्यावर आणून नळी सोडली. वाचन आलं २८, २८, २८. मग त्याच तापमानाचं साधं पाणी घेतलं. तिथे शून्यावर तरंगायला हवं होतं, पण शून्याची खूण पाण्याखाली दोन घरं बुडाली. नळी उजेडात धरल्यावर कारण दिसलं: आतली कागदी पट्टी घसरून खाली गेली होती. स्वस्त नळ्यांमध्ये हे होतं.

म्हणजे हे साधन प्रत्येक वेळी दोन खुणा कमी दाखवत होतं. नातीने तीनऐवजी तीनशे वेळा मोजून सरासरी काढली असती तरी ते दोन परत आले नसते. वाचनं कधी वर कधी खाली होत असतील तर सरासरीने ती चूक कमी होते. एकाच दिशेने ढकलणारी चूक सरासरीला दिसतच नाही.

आता आकडे दुरुस्त करा. म्हशीचं दूध ३२, गाईचं २८.५ ते २९. दोन्ही नेहमीच्या मर्यादेत. ज्या भैयाच्या दुधात पाणी आहे असं वहीत लिहिलं होतं, त्याच्यावरचा आरोप एका घसरलेल्या कागदी पट्टीवर उभा होता. नात बराच वेळ गप्प बसली होती. तिने लिहिलं तेव्हा तिचे आकडे एकमेकांशी इतके जुळत होते, की चूक असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

चौथी पायरी: विश्वसनीयता

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते, कारण पुन्हा मोजणं काटेकोरपणातही आहे आणि विश्वसनीयतेतही. काटेकोरपणा एका बैठकीतल्या आकड्यांचा असतो. विश्वसनीयता पद्धतीची असते: वहीत लिहिलेली कृती वाचून दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या दिवशी, शक्य तर दुसऱ्या नळीने तीच केली तर तेच उत्तर येतं का?

संध्याकाळी सूनबाईंना वही दिली आणि त्याच म्हशीच्या दुधाचं वाचन घ्यायला सांगितलं. त्यांनी दिवसभर ओट्यावर असलेलं दूध घेतलं, कारण तापमानाबद्दल वहीत काही लिहिलंच नव्हतं. वाचन आलं २८.५, सकाळच्या ३० पेक्षा दीड खूण कमी. दूध २४ अंशांवर होतं. दूध तापलं की विरळ होतं आणि वाचन प्रत्येक अंश सेल्सिअसला साधारण ०.२ खुणेने उतरतं. साडेआठ अंशांना दीड खूण, हिशेब जुळला. जानेवारीतल्या थंड सकाळी दूध आपोआप १५-१६ अंशांवर होतं, म्हणून नातीला हा प्रश्न पडलाच नाही. मे महिन्यात हाच प्रयोग केला असता तर दोन्ही भैयांनी पाणी घातलं असंच निघालं असतं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. नुकत्याच काढलेल्या धारोष्ण दुधाची घनता पहिल्या काही तासांत किंचित वाढते, कारण त्यात अडकलेली हवा निघून जाते आणि स्निग्धांश घट्ट होतो. म्हणून दूध आल्या आल्या घेतलेलं वाचन आणि दुपारचं वाचन यांत फरक पडू शकतो.

मग कृतीत तीन ओळी वाढवल्या: दूध काढल्यावर काही तास थांबावे; फेस न करता हलवून १५.५ अंशांवर आणावे. दुधाच्या वरच्या कडेशी वाचावे. तापमानाची दुरुस्ती गणिताने करता येते, पण नळीच्या तापमानापासून पाच-सहा अंशांपलीकडे गेलं की ती ढोबळ होते. दूध थंड करणंच बरं. पुढचे तीन दिवस तिघांनी वेगवेगळी वाचनं घेतली, फरक अर्ध्या खुणेच्या आत राहिला. आता विश्वसनीय हा शब्द लिहायला हरकत नव्हती. पण लक्षात घ्या, त्याच घसरलेल्या पट्टीच्या नळीनेसुद्धा ही परीक्षा पास झाली असती. विश्वसनीय पद्धत रोज न चुकता तेच चुकीचं उत्तर देऊ शकते. म्हणून दुसरी नळी आणून एकदा तरी ताडून पाहावं.

पाचवी पायरी: वैधता

आता पहिल्या पायरीतली दोन वाक्यं काढा. मोजली घनता, ठरवलं पाणी. हा दुवा पक्का आहे का? तो तपासायचा तर प्रयोगाला मुद्दाम फसवून पाहावं.

डेअरीतून ८०० मिलिलिटर सपरेटा, म्हणजे मलई काढलेलं, दूध आणलं. मलई पाण्यापेक्षा हलकी असते, ती काढली की उरलेलं दूध जड होतं. दुरुस्त वाचन आलं ३६. त्यात १०० मिलिलिटर पाणी ओतलं. हिशेबाने ३६ गुणिले ८०० भागिले ९००, म्हणजे ३२ यायला हवं. नळी सोडली, ३२ आलं. तिघांनी मोजलं, तिघांनाही ३२.

पट्टीची दुरुस्ती केलेली, तापमान पाळलेलं, सगळं अचूक, काटेकोर आणि विश्वसनीय. आणि समोर मलई काढून पाणी घातलेलं दूध, वाचन मात्र चांगल्या म्हशीच्या दुधाचं. मलई काढल्याने घनता वाढते, पाण्याने उतरते, दोन्ही केलं की एकमेकांची भरपाई होते. "पाणी आहे का" या प्रश्नासाठी नुसता लॅक्टोमीटर वैध नाही. "घनता किती" यासाठी तो पूर्ण वैध आहे. वैधता साधनाला चिकटलेली नसते. दावा बदलला की ती बदलते.

तेव्हा दोन वाटा उरतात. एक, मोजमाप वाढवणं. डेअऱ्यांमध्ये घनतेबरोबर गर्बर पद्धतीने स्निग्धांशही मोजतात, मग वरची भरपाई लपत नाही. प्रयोगशाळेत दुधाचा गोठणबिंदू पाहतात. तो उणे ०.५४ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो आणि मलई काढल्याने हलत नाही, पण पाणी घातलं की शून्याकडे सरकतो. त्यालाही साखर किंवा मीठ घालून फसवता येतं, म्हणून तो निकालही एकट्याने वापरत नाहीत. गर्बर पद्धतीत तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं, ते घरी करू नये. दुसरी वाट म्हणजे दावा लहान करणं.

नातीने दुसरी वाट घेतली. जुना निष्कर्ष खोडला नाही, त्यावर एक रेघ मारून खाली लिहिलं: "दोन्ही दुधांची घनता नेहमीच्या मर्यादेत आहे. वाचनांतला फरक अर्ध्या खुणेचा. साखरेच्या द्रावणाने नळी तपासली, दोन खुणा कमी दाखवते, त्या मिळवल्या. तीन जणांनी तीन दिवस मोजले. पाणी घातले आहे की नाही, हे या प्रयोगाने सांगता येत नाही." आणि मग गाईचं दूध आणणाऱ्या भैयाचं नाव तक्त्यावरून पुसून तिथे 'नमुना २' असं लिहिलं.