शनिवारी काम सांगण्याआधीची तयारी

"शनिवारी थोडा वेळ जमेल का? बघू या, ॲडजस्ट करू." मॅनेजर जाता जाता असं बोलून जातो आणि ऐकणाऱ्याला कळत नाही, की हे विचारणं आहे की सांगणं. किती वेळ द्यायचा, त्याबदल्यात काय मिळणार, नाही म्हटलं तर चालेल का, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. तुम्ही मॅनेजर असाल आणि डेडलाइन डोक्यावर असेल, तर तोंड उघडण्याआधी पुढची तयारी करून घ्या.

आधी काम नेमकं मोजा. समजा, मंगळवारी रिलीज आहे आणि पेमेंटच्या भागाचं टेस्टिंग उरलंय. ते दोघांचं सहा तासांचं काम असेल, तर आठ जणांच्या ग्रुपवर "सगळे उपलब्ध राहा" असं टाकू नका. बाकीच्या सहा जणांचा शनिवारही फोनकडे बघण्यात जातो आणि त्याचा हिशोब कुठेच लागत नाही. त्याच वेळी हेही तपासा, की एखादं फीचर पुढच्या रिलीजला ढकललं किंवा तारीख दोन दिवस सरकवली तर शनिवार वाचतो का. हा प्रश्न टीममधलं कुणीतरी विचारणारच, तेव्हा उत्तर तयार हवं.

मग मोबदला. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बोलणं मोघम राहतं ते इथेच. एचआरकडून किंवा पगाराचं काम बघणाऱ्यांकडून विचारून घ्या, की या दोघांना ओव्हरटाइमचे पैसे लागू होतात का. होत असतील तर दर लेखी घ्या. दीडपट दर असेल, तर सहा तासांचे नऊ तासांचे पैसे होतात. आकडा असा उलगडूनच सांगा. ज्यांना कायद्याने किंवा कराराने ओव्हरटाइम मिळायलाच हवा, त्यांची बोळवण बदली सुट्टीवर करता येईलच असं नाही, म्हणून हे आधी विचारायचं. पैसे लागू नसतील तर कॉम्प ऑफ, पण तोही नीट सांगायचा: अर्धा की पूर्ण, कधीपर्यंत घेता येईल, मंजूर कोण करणार. सहा तासांच्या कामाला मी पूर्ण दिवसच द्यावा असं म्हणेन, कारण दहा ते चार काम केलं की त्या शनिवारात माणसाचं स्वतःचं काही उरत नाही. "नंतर कधीतरी घे" ही सुट्टी नव्हे; पुढची डेडलाइन आली की ती बुडते. आणि मंजुरी हातात येईपर्यंत कुणाला शब्द देऊ नका.

आता निरोप लिहा. शक्यतो बुधवारीच पाठवा, शुक्रवारी संध्याकाळी नको. आणि ग्रुपवर नको, दोघांना वेगवेगळा. साधारण असा:

"मंगळवारच्या रिलीजसाठी पेमेंटचं टेस्टिंग शनिवारी पूर्ण करायचं आहे. वेळ सकाळी दहा ते दुपारी चार, घरून केलं तरी चालेल. मोबदला म्हणून एक पूर्ण दिवसाचा कॉम्प ऑफ, पुढच्या तीस दिवसांत तुम्ही निवडाल त्या तारखेला; त्याची मंजुरी मी घेतली आहे. जमणार नसेल तर तसं कळवा, कारण सांगायची गरज नाही, आणि याचा तुमच्या मूल्यमापनाशी काही संबंध नाही. उद्या संध्याकाळपर्यंत सांगितलंत तर मला पुढची सोय करता येईल."

निरोप पाठवण्याआधी एकदा वाचा आणि "थोडंसं", "शक्यतो", "बघू या" असे शब्द सापडले तर त्यांच्या जागी तास, तारीख किंवा नाव घाला. "टीमसाठी एवढं करा" हेही काढा. त्या वाक्यानंतर नकार देणाऱ्याला अपराधी वाटतं आणि विनंती विनंती राहत नाही.

दोघांपैकी एकाने नाही म्हटलं तर काय, हे बुधवारीच ठरवून ठेवा. टेस्टिंग येणारं दुसरं कुणी आहे का, की एकट्याने होईल एवढंच शनिवारी करून बाकीचं सोमवारी सकाळी उरकायचं? ही सोय नसेल तर तुमच्याही नकळत तुम्ही त्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारत राहाल. दर वेळी होकार देणाऱ्याकडेच जाण्याचा मोहही आवरा. मागचे दोन-तीन विकेंड कुणी काम केलं, ती नोंद समोर ठेवूनच नावं ठरवा.

शनिवारी काम चारला संपलं नाही, तर थांबून विचारा. गृहीत धरू नका. सहाला संपलं, तर वरच्या दोन तासांचाही मोबदला ठरलेल्या हिशोबानेच. सोमवारी प्रत्यक्ष तास लिहून घ्या आणि कॉम्प ऑफची नोंद सिस्टीममध्ये तुम्ही स्वतः करा, त्यांना आठवण करून द्यायला लावू नका. महिनाभराची मुदत संपत आली आणि सुट्टी घेतलेली दिसली नाही, तर तारीख विचारून कॅलेंडरवर टाका आणि त्या दिवशी मीटिंग ठेवू नका.