भूशास्त्राच्या पुस्तकात आधी प्रकाशनाचं साल पाहा

शाळेत भूगोल आवडायचा, नकाशे भरायला मजा यायची, आता पृथ्वीच्या पोटातलं आणि समुद्राखालचं वाचावंसं वाटतं. अशा वाचकाची पहिली अडचण पुस्तक मिळण्याची नसते. दोन पुस्तकं वाचली की ती एकमेकांशी जुळत नाहीत, ही खरी अडचण. एकात डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपतात, दुसऱ्यात 6 कोटी 60 लाख. एकात चंद्र पॅसिफिक महासागरातून उपटून निघालेला असतो, दुसऱ्यात त्याचा उल्लेखही नसतो. दोन्ही लेखक जाणकार असतात आणि आपापल्या काळात दोघांचंही बरोबर असतं. म्हणून या विषयात मुखपृष्ठाच्या मागचं पान, म्हणजे प्रकाशनाचं साल, हा पुस्तकाच्या मजकुराचाच भाग समजायचा.

साल बघण्याआधी एक छोटं साधन तयार करा. शिंप्याकडची टेप 150 सेंटीमीटरची असते. अशा तीन टेप टोकाला टोक लावून जमिनीवर पसरा आणि पुढे चार सेंटीमीटरचा कागद जोडा. पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं आहे, तेव्हा 1 सेंटीमीटर म्हणजे 1 कोटी वर्षं, असं सरळ प्रमाण बसतं. एक टोक म्हणजे आज. तिथून मागे 5 सेंटीमीटरवर भारत आशियाला भिडला आणि हिमालय उचलायला लागला. 6.6 वर डायनोसॉर गेले. सुमारे 18 वर आजच्या मोठ्या महासागरांच्या तळाचा सर्वांत जुना भाग येतो. 54 च्या आसपास कँब्रियन काळ सुरू होतो, म्हणजे ज्यांचे जीवाश्म सहज दिसतात ते कवचधारी प्राणी इथून पुढचे. त्याच्या मागे जवळजवळ चार मीटर उरतात आणि पुस्तकांत त्यांना बहुधा दोनच प्रकरणं मिळतात. वाचताना प्रत्येक आकडा या टेपवर टाकत गेलात, तर लेखक कुठे घाईने पुढे सरकतोय ते तुमचं तुम्हाला दिसेल.

आकडे उतरवताना हमखास एक चूक होते. इंग्रजीतला मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी. 66 मिलियनचे घाईत 66 लाख होतात आणि पुढचा सगळा हिशेब दहापटीने चुकतो. टेपवर मिलियनच्या आकड्याला दहाने भागायचं, की थेट सेंटीमीटर मिळतात: 66 चे 6.6. काही पुस्तकांत आकड्यापुढे एम आणि ए ही अक्षरं जोडून येतात, त्यांचा अर्थही दहा लाख वर्षांपूर्वी असाच.

आता सालाकडे. समुद्रावरच्या वाचनाची सुरुवात पुष्कळजण रेचल कार्सन यांच्या ‘द सी अराउंड अस’ने करतात. भरती-ओहोटी, लाटा, प्रवाह, खोल पाण्यातला अंधार यांवरची त्यातली पानं आजही उत्तम आहेत, आवर्जून वाचा. पण पुस्तक 1951 चं आहे. पॅसिफिकच्या खळग्यातून चंद्र निघाला असावा ही कल्पना त्यात गांभीर्याने मांडली आहे, कारण तेव्हा ती चर्चेत होती. महासागरांचे तळ फार प्राचीन असावेत, हेही तेव्हा गृहीतच होतं. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत मेरी थार्प यांना अटलांटिकच्या खोलीच्या नोंदी कागदावर उतरवताना मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक लांबलचक दरी दिसली. 1962 मध्ये हॅरी हेस यांनी मांडलं, की नवा तळ अशाच रांगांवर तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. 1963 मध्ये वाइन आणि मॅथ्यूज यांनी तळाच्या खडकातल्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ याच सरकण्याशी जोडला. टेपवरचा तो 18 चा आकडा असा समजला. तळ जुना होतो तसा थंड आणि जड होतो, खोल गर्तांपाशी खाली वाकून प्रावरणात परत जातो, म्हणून जुना तळ उरतच नाही. तेव्हा कार्सन यांच्याकडून पाण्याविषयी वाचा आणि तळाविषयी 1970 नंतरचं पुस्तक घ्या.

प्रावरणाचा विषय निघालाच आहे, तर शाळेतला एक समज आधी बाजूला ठेवा. आकृतीत प्रावरण लालभडक रंगवलेलं असतं, त्यामुळे खंड वितळलेल्या रसावर तरंगतात असं वाटतं. प्रावरण जवळजवळ सगळं घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्या प्रावरणातून जातात आणि बाह्य गाभ्यापाशी अडतात, म्हणजे द्रव आहे तो बाह्य गाभा. प्रावरण घन राहूनच अतिशय संथपणे वाहतं. हा समज मनात राहिला तर ज्वालामुखीवरचं प्रत्येक प्रकरण चुकीचं वाचलं जातं: लाव्हा खाली तयार होऊन वाट बघत बसलेला नसतो. गरम खडक वर सरकतो, त्यावरचा दाब कमी होतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो.

सालाचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो डायनोसॉरच्या अंताच्या प्रकरणात, आणि त्यातला अर्धा पुरावा आपल्या घाटांत आहे. सुरुवात वॉल्टर अल्वारेझ यांच्या ‘टी. रेक्स अँड द क्रेटर ऑफ डूम’पासून करा. छोटं पुस्तक आहे, 1997 चं. इटलीत गुब्बिओजवळच्या घळीत चुनखडीच्या थरांमध्ये सुमारे एक सेंटीमीटर जाडीचा मातीचा थर आहे. त्याच्या खालच्या चुनखडीत समुद्री सूक्ष्मजीवांची भिंगातून दिसणारी कवचं भरपूर, वरच्या चुनखडीत ती एकदम नाहीशी. हा थर साठायला किती काळ लागला हे काढायचं होतं. अंतराळातली धूळ पृथ्वीवर संथ गतीने पडत असते आणि पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ असलेला इरिडियम हा धातू तिच्यात असतो. थरातल्या इरिडियमवरून काळ मोजू, असा तो बेत होता. इरिडियम अपेक्षेच्या कितीतरी पट निघालं, काळाचा हिशेब कोसळला, आणि 1980 मध्ये सुमारे दहा किलोमीटर रुंदीची अशनी आदळल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मेक्सिकोतलं चिकशुलूबचं विवर या घटनेशी जोडलं गेलं ते 1991 मध्ये. मोजायला गेले एक आणि सापडलं दुसरंच, हे पायरीपायरीने दाखवणारं इतकं चांगलं पुस्तक क्वचितच मिळतं.

पण या पुस्तकात त्या मातीच्या थराचं, म्हणजे डायनोसॉरचा काळ जिथे संपतो त्या सीमेचं, वय साडेसहा कोटी वर्षं आहे. 2012 च्या भूकालमापनात ते 6 कोटी 60 लाख झालं, कारण आर्गॉन वायूवरून खडकाचं वय काढतात त्या पद्धतीत तुलनेला वापरतात त्या प्रमाण खनिजाचं वयच आधी थोडं कमी धरलं गेलं होतं. प्रमाण दुरुस्त झालं तशा त्यावर बेतलेल्या सगळ्या तारखा सरकल्या. कोणतंही पुस्तक हातात घेतलं की ही खूण तपासा. 65 दिसलं तर त्यातल्या इतर तारखाही जुन्या मापाच्या आहेत. त्या 66 लिहिणाऱ्या पुस्तकातल्या तारखांशेजारी ठेवून आधी काय, नंतर काय, हे ठरवू नका. नवशिके इथेच फसतात.

आणि इथे आधी-नंतर हाच तर प्रश्न आहे. दख्खनचा लाव्हा अशनीच्या आधी वाहिला की नंतर? डायनोसॉर संपण्यात त्याचाही हात होता का, हे त्यावर अवलंबून आहे. 2015 मध्ये स्वतः अल्वारेझ सहलेखक असलेल्या निबंधात असं सुचवलं होतं, की आघाताच्या हादऱ्याने दख्खनचे सर्वांत मोठे उद्रेक सुरू झाले असावेत. 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एकाच वेळी दोन निबंध आले. एका गटाने लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीतले झिरकॉन या खनिजाचे कण निवडून युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढलं. बेसाल्टात झिरकॉन फारसा मिळत नाही म्हणून हा वळसा. त्यांच्या मते मोठ्या उद्रेकांचा एक झपाटा सीमेच्या काही दशसहस्र वर्षं आधीच सुरू झाला होता. दुसऱ्या गटाने बेसाल्टातल्याच फेल्डस्पारवर आर्गॉन पद्धत लावली, आणि त्यांच्या हिशेबाने बहुतांश लाव्हा सीमेनंतर आला. आपल्या टेपवर एक लाख वर्षं म्हणजे 0.1 मिलिमीटर, साधारण वहीच्या कागदाची जाडी. वाद तेवढ्या जाडीच्या आतला आहे. म्हणून 2019 आधीचं पुस्तक या मुद्द्यावर ठाम बोलत असेल तर तो भाग पेन्सिलने चौकटीत ठेवा. नंतरचं पुस्तक ठाम बोलत असेल, तर त्याने कोणत्या गटाच्या तारखा घेतल्या ते आधी पाहा.

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे. दख्खनच्या लाव्हाच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी दिलेली नावं आपल्या गावाघाटांची आहेत: खालून वर इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, मध्ये आणखी एक-दोन. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना रस्ता जुन्या थरांकडून नव्या थरांकडे जातो. एक थर ओळखायला हे पाहा. मधला भाग घट्ट, काळा, उभ्या भेगांचा. वर जाल तसा खडक भोकाभोकांचा होतो, कारण वायूचे बुडबुडे वरच्या भागात अडकले. भोकांत पुष्कळदा पांढरी किंवा हिरवट खनिजं भरलेली असतात. माथ्यावर काही ठिकाणी विटकरी लाल पट्टा दिसतो. उघडा पडलेला लाव्हा झिजून ती माती झाली आणि पुढच्या लाव्हाने तिला झाकलं, म्हणजे दोन उद्रेकांमध्ये काही काळ शांतता होती. काही पट्ट्यांत ज्वालामुखीची राखही मिसळली आहे, झिरकॉन शोधले ते अशा पट्ट्यांत. भेगांवरून उतरलेला तांबडा गंज आणि हा पट्टा यांत गल्लत होते. गंजाचा डाग उभा ओघळतो, पट्टा आडवा जातो आणि नखाने खरवडला तर भुगा निघतो. पावसाळ्यात घाटातल्या कड्याखाली उभे राहू नका, दरडी तिथेच सुटतात.

भारतीय उपखंडाचा सलग इतिहास हवा असेल तर प्रणय लाल यांचं ‘इंडिका’, 2016 चं, भौतिक नकाशा शेजारी ठेवून वाचा. जॉन मॅकफी यांचं ‘अ‍ॅनल्स ऑफ द फॉर्मर वर्ल्ड’ पहिलं घेऊ नका. भाषा अप्रतिम आहे, पण सगळा प्रदेश अमेरिकेचा, खडकांची नावं ओळीने येतात आणि शंभरेक पानांत दम लागतो. घ्यायचंच तर त्यातला ‘बेसिन अँड रेंज’ हा भाग आधी वाचा, तो मूळचा स्वतंत्र पुस्तक म्हणून 1981 मध्ये आलेला आहे. मराठी संज्ञा अडल्या तर मराठी विश्वकोशातल्या भूविज्ञानाच्या नोंदी नेटक्या आहेत. सालाचा नियम त्यांनाही लावायचा: संज्ञा तिथून घ्या, तारखा नव्या पुस्तकातून.