छेदातली करणी घालवायची कशासाठी? नववीच्या वर्गात हे असं दाखवा

"बाई, उत्तर 1/√2 आलं तर त्यात चूक काय?" नववीला वास्तव संख्यांचं प्रकरण सुरू झालं की हा प्रश्न येतोच. 'छेदात करणी ठेवायची नसते' असं सांगून मीही बरीच वर्षं वेळ मारून नेली. खरं तर चूक काहीच नाही. 1/√2 आणि √2/2 ही एकच संख्या आहे. फरक इतकाच, की एका रूपात हिशोब सरळ होतो आणि दुसऱ्यात तो छळतो. हा छळ मुलांनी स्वतः सोसल्याशिवाय परिमेयीकरण म्हणजे नुसता बाईंचा हट्ट वाटतो. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी ज्या क्रमाने नेते, तो इथे देते. दोन तासिका पुरतात. मोबाइल दप्तरात.

('करणी' म्हटलं की मागच्या बाकावर लिंबू-बाहुलीचे विनोद सुरू होतात. होऊ द्यावेत. मग सांगावं, की शुल्बसूत्रांत वेदी आखताना दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू म्हणजे 'द्विकरणी'. मूळ चौरसाची बाजू 1 असेल तर तीच आपली √2.)

पायरी 1: आलेख कागदावर √2 + √8

1 सेंमी बाजूच्या चौरसाचा कर्ण काढायला सांगा. तो √2. तो जिथे संपतो तिथून पुढे 2 सेंमी बाजूचा चौरस काढून त्याचाही कर्ण त्याच रेषेत ओढा. तो √8. दोन्ही मिळून 3 सेंमी बाजूच्या चौरसाचा कर्ण तयार होतो, पट्टीवर साधारण 4.2 सेंमी. आता ज्यांनी वहीत √2 + √8 = √10 लिहिलंय (असे निम्मे तरी निघतात) त्यांना 3 सेंमी बाय 1 सेंमी आयताचा कर्ण काढायला लावा. तो √10. पट्टी 3.2 सेंमीपेक्षा किंचित कमी दाखवते. फळ्यावर काट मारण्यापेक्षा हा एक सेंमीचा फरक जास्त काम करतो. √8 म्हणजे 2√2, म्हणून बेरीज 3√2. सोपं रूप दिल्यावर दोन्ही करणी सरूप आहेत हे दिसतं आणि बेरीज करता येते. सोपं रूप द्यायचं ते त्यासाठी. इथे फार रेंगाळू नये.

पायरी 2: हाताने भागाकार

वर्गाचे दोन गट करा. √2 ची किंमत 1.414 द्या. पहिल्या गटाने 1 ला 1.414 ने भागायचं, दुसऱ्याने 1.414 ला 2 ने.

दुसरा गट दहा सेकंदांत 0.707 सांगून मोकळा होतो. पहिला गट 1414 चा पाढा मांडत बसतो: 10000 मधून 9898 गेले, उरले 102; शून्य घेतलं, भाग जात नाही; आणखी एक शून्य, 10200, पुन्हा 7 चा भाग... उत्तर 0.7072.

खरी गंमत पुढे आहे. आता म्हणा, "√2 ची किंमत जरा नेमकी घेऊ, 1.4142." दुसऱ्या गटाला फक्त शेवटचा 2 खाली उतरवायचा आहे. उत्तर 0.7071, आधीचं सगळं जसंच्या तसं. पहिल्या गटाला मात्र भाजकच बदलला, म्हणून भागाकार पहिल्यापासून. शिवाय त्यांचा शेवटचा 2 चुकीचा होता, हेही तेव्हाच कळतं.

इथे थांबून कारण मुलांकडूनच काढून घ्यावं. आपण भागाकार करतो तेव्हा भाज्यातला एकेक अंक डावीकडून खाली घेतो, म्हणून भाज्य अर्धवट माहीत असला तरी चालतं. भाजक मात्र सुरुवातीलाच पूर्ण हातात लागतो. √2 चे दशांश अंक कधीच संपत नाहीत. न संपणारी संख्या अंशात परवडते, छेदात नाही.

पायरी 3: ए-फोर कागद

ए-फोर कागदाच्या बाजू 210 आणि 297 मिमी, म्हणजे जवळपास 1 आणि √2. लांब बाजू मधोमध दुमडली की अर्ध्या कागदाच्या बाजू √2/2 आणि 1 होतात. आकार तोच राहतो, नुसता लहान होतो. मग लहान बाजू भागिले मोठी बाजू हे गुणोत्तर दोन्हींत सारखंच. पहिल्यात ते 1/√2, दुसऱ्यात √2/2. एकही पायरी न लिहिता दोन्ही समान निघाले. अप्पा बळवंत चौकात झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्रीचं पान ए-फोरवर घेताना मशीनवर 71 टक्के दिसतात (कुठे 70), ते हेच 0.707.

पायरी 4: 1/(√3 − √2)

माझ्या मते हे उदाहरण सगळ्या प्रकरणाचा जीव आहे. √3 आणि √2 च्या किमती आधी एका दशांश स्थळापर्यंत घ्या, मग दोन, मग तीन.

1.7 − 1.4 = 0.3, उत्तर 3.33.
1.73 − 1.41 = 0.32, उत्तर 3.125.
1.732 − 1.414 = 0.318, उत्तर 3.145.

उत्तर नुसतं हेलकावे खातं. आता परिमेयीकरण करू. आधी मुलांना मोकळं सोडा. कोणीतरी अंश-छेदाला √3 − √2 नेच गुणतं, छेद 5 − 2√6 होतो आणि करणी गेलेली नसते. ही चूक होऊ द्यावी, मगच अनुबद्ध जोडी का लागते ते पटतं. √3 + √2 ने गुणलं की छेद 3 − 2, म्हणजे 1, आणि उत्तर √3 + √2. त्याच किमती घालून 3.1, 3.14, 3.146. खरी किंमत 3.1463 च्या आसपास. पहिल्याच फेरीतलं 3.1 हे वरच्या 3.33 पेक्षा कितीतरी जवळ. (कोणीतरी "बाई, पाय!" ओरडतंच. नाही, पाय 3.1416 आहे.)

कारण वजाबाकीत आहे. जवळजवळच्या दोन संख्या वजा केल्या की पुढचे अंक एकमेकांना खातात आणि कापाकापीत राहिलेली बारीक चूक उरलेल्या छोट्या संख्येत मोठी ठरते. छेदात ती 0.3 सारखी छोटी संख्या आली, की चूक आणखी फुगून उत्तरात उतरते. बेरजेत तसं होत नाही.

आणि जिथे हा नियम उलटतो

हुशार मुलांसाठी एक उदाहरण राखून ठेवा: √101 − 10. छेदच नाही, म्हणजे नियमाप्रमाणे सोज्वळ रूप. पण √101 ची किंमत एका दशांश स्थळापर्यंत 10.0 येते आणि उत्तर शून्य! याच संख्येला उलट्या बाजूने 1/(√101 + 10) असं लिहिलं, तर त्याच 10.0 वरून 1/20, म्हणजे 0.05 मिळतं. खरी किंमत 0.0499. इथे करणी छेदात गेल्यानेच हिशोब वाचला. गेल्या वर्षी एका मुलीने हे पाहून विचारलं, "मग आम्ही नक्की कुठे ठेवायची?" मी म्हटलं, पेपरात 'छेदाचे परिमेयीकरण करा' लिहिलं असेल तर वर. स्वतःसाठी हिशोब करत असशील तर आधी वजाबाकी कुठे आहे ते बघ.

त्रिकोणमितीच्या कोष्टकात 45° समोर 1/√2 छापलेलं दिसलं की मुलं पुस्तकाची चूक पकडल्यासारखी धावत येतात. ते तसंच राहू द्यावं. पाठ करायला तेच सोपं, आणि उंची काढताना भागायची वेळ आली की √2/2 करायला अर्धी ओळ लागते.